कोपऱ्यातली काळी सावली क्रॉप करायला गेलं की माई काकू कापल्या जातात

मेघा_रंकाळा
नमस्कार मंडळी. प्रश्न एकाच फोटोचा आहे, पण तो फोटो पुन्हा काढता येणार नाही.

आजोबांच्या पंच्याहत्तरीला सगळं घर रंकाळ्यावर जमलं होतं. काठावरच्या दगडी पायऱ्यांवर सगळ्यांना उभं करून मावसभावाने ग्रुप फोटो काढला. मागे पाणी, पलीकडे शालिनी पॅलेस, त्यामागे सूर्य मावळतीला. फ्लॅश होता म्हणून चेहरेही उजळ आलेत. पहिल्यांदाच सगळ्यांचे डोळे उघडे आहेत! फक्त चारही कोपऱ्यांत काळी सावली आली आहे. वरचे दोन कोपरे तर केशरी आकाशावर काळे तिकोने चिकटवल्यासारखे दिसतात.

मी मधोमध धरून क्रॉप केलं तर सावली जाते, पण डाव्या टोकाला उभ्या असलेल्या माई काकूंचा खांदा आणि पदर कापला जातो. काकूंना तसा फोटो दाखवायची माझी हिंमत नाही. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे, फक्त जेपीजी आहे. १२ बाय १८ ची फ्रेम करून आजोबांच्या खोलीत लावायची आहे. काय करू?

पांढरा_रस्सा
काकूंना मध्ये उभं करायला पाहिजे होतं. आता फोटो फ्रेम करा आणि ती बाजू कपाटाआड लावा. :)

पिक्सेलराव
क्रॉप करूच नका ना. लाइटरूममध्ये लेन्स प्रोफाइल करेक्शनची टिकमार्क करा, कोपरे आपोआप उजळतात. प्रत्येक लेन्सला कोपऱ्यात थोडा अंधार असतोच, सॉफ्टवेअरला तो माहीत असतो. पिक्सेल वाया घालवायची गरज नाही.

मेघा_रंकाळा
@पिक्सेलराव, करून बघितलं. जेपीजीवर प्रोफाइल आपोआप लागलं नाही, म्हणून हाताने लेन्स निवडली. बाकीचं आकाश थोडं उजळलं, पण काळे तिकोने होते तिथेच. स्लायडर आणखी ओढला तर काळ्याचं करडं झालं आणि त्यात रंगीत ठिपके आले.

जुना_निगेटिव्ह
मेघाताई, त्या ठिपक्यांतच उत्तर आहे. कोपऱ्यातला अंधार दोन जातींचा असतो आणि तुमच्याकडे दुसऱ्या जातीचा आहे.

पिक्सेलराव म्हणतात तो अंधार लेन्सचा स्वतःचा. तो मधून कडेकडे हळूहळू वाढतो, नक्की कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. तिथे प्रकाश कमी पोचलेला असतो, पण पोचलेला असतो, म्हणून उजळला की खालचं चित्र वर येतं. अ‍ॅपर्चर दोनएक स्टॉप बंद केलं तरी त्यातला बराचसा जातो.

तुमचा तो नाही. तुमच्या तिकोन्याला कड आहे, थोडी धुरकट असली तरी बोट ठेवता येते. म्हणजे लेन्सच्या पुढे काहीतरी आडवं आलंय. हुड असेल, नाहीतर एकावर एक चढवलेल्या फिल्टरच्या कड्या असतील. तिथे सेन्सरवर प्रकाश पडलेलाच नाही. जे आलंच नाही ते उजळून काय येणार? ठिपकेच येणार.

आता तीन गोष्टी सांगा. लेन्स कोणती, किती मिलिमीटरवर, आणि पुढे काय काय लावलं होतं?

मेघा_रंकाळा
भावाला फोन केला. १८-५५ किट लेन्स, १८ वर, एफ ८. पुढे यूव्ही फिल्टर कायमचा असतो, त्यावर आकाश छान यावं म्हणून पोलरायझर चढवला होता. हुड नव्हता. पण तो म्हणतो, डोळा लावून बघितलं तेव्हा कोपऱ्यात काही काळं दिसलं नव्हतं.

जुना_निगेटिव्ह
झालं तर. यूव्हीची कडी, वर पोलरायझरची जाड फिरती कडी, आणि लेन्स सगळ्यात रुंद टोकाला. त्या दोन कड्यांनी मिळून कोपरे खाल्ले. झूम थोडं पुढे नेऊन २०-२२ वर काढला असता तर कड्या चौकटीबाहेर गेल्या असत्या.

भावाला दिसलं नाही यात त्याची काही चूक नाही. सुरुवातीच्या किमतीच्या डीएसएलआरमध्ये डोळ्याने दिसणारं चित्र साधारण ९५ टक्केच असतं. चारही बाजूंची बारीक पट्टी दिसत नाही आणि सावली नेमकी तिथेच जास्त गडद असते. मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू लावला की पूर्ण चौकट दिसते.

आणि एक. सूर्य समोर असताना पोलरायझरचा आकाशाला जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. त्याचा जोर सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशावर चालतो. पुढच्या वेळी मावळतीकडे तोंड करून काढताना तो खिशातच राहू दे.

सावली
माझं मत वेगळं आहे. कोपरे थोडे गडद असले की नजर मधल्या माणसांवर जाते. जुने स्टुडिओवाले मुद्दाम कडा अंधारायचे, मूकपटांतसुद्धा गोल मास्क लावून कोपरे काळे करायचे. आजोबा मध्ये आहेत ना? मग तसाच राहू द्या.

मेघा_रंकाळा
@सावली, आजोबा मध्येच आहेत. पण हे मऊ गडद नाही हो, बघताना डोळा आधी त्या तिकोन्यांवरच जातो. घरी जो येतो तो हेच विचारतो, "कोपऱ्यात काय झालंय?"

सावली
मग कापा. असा प्रश्न पडत असेल तर ते सौंदर्य नाही.

मिरजेचे_नाना
आमच्याकडेही हाच त्रास आहे. वडिलांच्या लग्नाचे फोटो स्कॅन केले, प्रत्येकाला चार काळे कोपरे आलेत. मुलगा म्हणतो क्रॉप करा. पण एका फोटोत आत्याबाईंचा हात जातो.

जुना_निगेटिव्ह
नाना, ते फोटो जाड काळ्या कागदाच्या अल्बममध्ये होते का? आणि स्कॅन अल्बमसकट केलंत का?

मिरजेचे_नाना
होय होय, अल्बमच ठेवला काचेवर. फोटो काढायला भीती वाटली.

जुना_निगेटिव्ह
मग ते काळे तिकोने कागदाचेच आहेत, फोटो अडकवायचे. फोटोचा कोपरा त्याखाली शाबूत असणार, कदाचित बाकीच्या फोटोपेक्षा चांगला, कारण तिथे उजेड लागलेला नाही. क्रॉप अजिबात करू नका. फोटो हलकेच थोडा कमानीसारखा वाकवून एकेक कोपरा सोडवा आणि परत स्कॅन करा. डिंकाने चिकटवलेले असतील तर मात्र ओढू नका, आहे तसंच स्कॅन राहू द्या. आत्याबाईंचा हात वाचेल.

मिरजेचे_नाना
बघतो. तिकोन्यांतच आहेत, डिंक नाही. आभारी आहे.

टिकटिक
मूळ प्रश्नाकडे येतो. वरचे कोपरे आकाशच आहे ना? क्लोन किंवा हीलिंग ब्रशने शेजारचं आकाश ओढून भरून टाका. पाच मिनिटांचं काम. क्रॉपही नको आणि काकूही सुरक्षित.

जुना_निगेटिव्ह
टिकटिक, मोबाइलवर बघायला चालेल. पण मावळतीचं आकाश एकसारखं नसतं, केशरीतून करड्याकडे हळूहळू सरकत असतं. शेजारचा तुकडा उचलून कोपऱ्यात ठेवला की तो रंगाने किंचित चुकतो आणि १२ बाय १८ च्या प्रिंटमध्ये तो डाग होऊन दिसतो. वर फाइल जेपीजी, त्यात आकाशाच्या छटा आधीच थोड्या.

मला आधी मोजायचंय. मेघाताई, फोटो जिम्पमध्ये किंवा तुमच्याकडे जे असेल त्यात उघडा. १०० टक्के झूम करा. डाव्या कडेला माउस ठेवून वरून खाली उतरत या आणि काळं-करडं पूर्ण संपून आकाशाचा खरा रंग कुठे लागतो तो आकडा वाचा. काळं कुठे संपतं ते नको, करडी धुरकट पट्टीही संपली पाहिजे. मग वरच्या कडेने तसंच डावीकडून मध्याकडे या. उजव्या कोपऱ्याचंही वेगळं मोजा, चारही सावल्या सारख्या असतातच असं नाही.

मेघा_रंकाळा
मोजलं. डाव्या कडेने खाली ६२५ पर्यंत सावली आहे. वरच्या कडेने ३७५ पर्यंत. उजवा कोपरा थोडा कमी, कडेने ६०० च्या आसपास. खालच्या कोपऱ्यांत पायऱ्यांचा काळा दगड आहे, तिथे सावली कुठे संपते ते मला कळतच नाहीये.

माई काकूंचा खांदा डाव्या कडेपासून २१० वर आहे. सगळ्यात उंच डोकं वरून साधारण १३०० वर.

पिक्सेलराव
म्हणजे मधोमध धरून, मूळ प्रमाण ठेवून क्रॉप केलं तर ५४९० बाय ३६६० च्या जवळपास उरेल. दोन्ही बाजूंनी २५४ जातील. काकू २१० वर. म्हणून खांदा जातोय. हिशेब लागला! पण मग दुसरा मार्ग काय? प्रमाण तर सोडता येणार नाही, फ्रेम १२ बाय १८ ची आहे.

जुना_निगेटिव्ह
पिक्सेलराव, हिशेब बरोबर आहे. पण मधोमध कापायचं हे कुणी ठरवलं? आणि चारही बाजू कापायच्या हे तरी कुणी सांगितलं?

सावली कोपऱ्यात आहे. कोपरा घालवायला त्याला लागून असलेल्या दोन बाजूंपैकी एकच बाजू कापली तरी पुरते. वरचे दोन कोपरे घालवायचे तर एकतर डावी-उजवीकडून प्रत्येकी ३७५ कापा, नाहीतर नुसते वरून ६२५ कापा. पहिल्यात काकू जवळजवळ निम्म्या जातात. दुसऱ्यात कुणाच्या केसालाही धक्का नाही, कारण सगळ्यात उंच डोकं १३०० वर आहे. त्यातून ६२५ गेले तरी डोक्यावर ६७५ चं आकाश उरतं.

आणि खालचे कोपरे? ताई स्वतःच म्हणताहेत की काळ्या दगडावर सावली ओळखू येत नाही. जी दिसतच नाही ती कापायला खालची बाजू कशाला हलवायची? खालून शून्य, बाजूंनी शून्य, वरून ६२५. उरतं ६००० बाय ३३७५. योगायोगाने हे नेमकं १६:९ आहे, टीव्हीच्या पडद्याचं प्रमाण. डोळ्याला ओळखीचं वाटेल, विचित्र लांबट वाटणार नाही.

लोक क्रॉपची चौकट उघडतात, कुलूप लावलेल्या प्रमाणात कोपरा धरून आत ओढतात आणि चारही बाजूंनी माणसं गमावतात. कुलूप उघडा आणि फक्त वरची कड खाली आणा.

कमांडवाला
+१. कोपऱ्यांत दिसणारी सावली वर्तुळाची असते, म्हणून आडव्या फोटोत ती आखूड कडेने जास्त खाली उतरते आणि लांब कडेने कमी सरकते. मेघाताईंचे ६२५ आणि ३७५ हे दोन्ही आकडे एकाच वर्तुळातून येतात, केंद्रापासून ३३०० पिक्सेल त्रिज्या. मी उलटा पडताळा घेतला, दोन्ही बरोबर बसतात. म्हणजे मोजमाप चोख आहे.

मेघा_रंकाळा
अरे वा! वरून कापून बघितलं. शालिनी पॅलेस आहे, सूर्य आहे, काकू पदरासकट आहेत. वरचे कोपरे स्वच्छ. इतकं सोपं होतं!

पण आता फ्रेमचं? १२ बाय १८ मध्ये हे बसणार नाही ना?

पिक्सेलराव
लॅबला द्या, ते बसवून देतात.

जुना_निगेटिव्ह
थांबा थांबा, तसं देऊ नका! १६:९ ची फाइल १२ बाय १८ ला दिली आणि काही सांगितलं नाही, तर बऱ्याच ठिकाणी मशीनवर कागद पूर्ण भरण्याची सेटिंग असते. ती उंची कागदाला भिडवते आणि उरलेलं दोन्ही बाजूंनी कापते. तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक बाजूने ४७० च्या जवळपास पिक्सेल जातील. काकू निम्म्याहून जास्त गेल्या, आणि उजव्या टोकाला जे कोणी असतील तेही कापले गेले. मी लॅबमध्ये काम केलेला माणूस आहे, अशा प्रिंट्स परत घेऊन आलेले रडवेले चेहरे मी पाहिलेत.

उपाय असा की पांढरी पट्टी तुम्हीच लावून द्या. वर आणि खाली सारखी, मिळून फाइल पुन्हा ६००० बाय ४००० होईल. ते १२ बाय १८ चंच प्रमाण. मशीनला कापायला काही उरत नाही. प्रिंटवर पट्टी इंचापेक्षा किंचित कमी रुंद येईल, फ्रेममध्ये ती माउंटसारखी शोभून दिसते.

कमांडवाला
इमेजमॅजिक असेल तर एका ओळीत होतं. वरून ६२५ कापायचं आणि पांढरी पट्टी लावायची, दोन्ही:

```
magick ghat.jpg -crop 6000x3375+0+625 +repage -background white -gravity center -extent 6000x4000 -quality 95 ghat-12x18.jpg
```

`+0+625` म्हणजे डावीकडून शून्य, वरून ६२५ सोडून. `+repage` विसरू नका, नाहीतर जुन्या चौकटीची आठवण फाइलमध्ये राहते आणि पट्टी भलतीकडे लागू शकते. मूळ फाइलला हात लागत नाही, नवीन फाइल तयार होते.

पांढरा_रस्सा
एवढं सगळं काकूंच्या पदरासाठी. मेघाताई, काकूंकडून जेवणाचं आमंत्रण मिळालं पाहिजे या धाग्याला. तांबडा-पांढरा दोन्ही.

मेघा_रंकाळा
काकू शाकाहारी आहेत, पण आमटी अशी करतात की तुम्ही रस्सा विसराल.

सई_गारगोटी
मला जरा वेगळाच अनुभव येतोय. बहिणीच्या हळदीचे फोटो मी लाइटरूममध्ये एडिट करते आहे. कोपरे गडद आहेत म्हणून क्रॉप करते, तर नवीन कोपरे परत गडद! आणखी क्रॉप केलं तर आणखी आत सावली. निम्मा फोटो कापला तरी सावली आहेच. वरच्या हिशेबाने तर ती जायला पाहिजे होती. लेन्समध्ये दोष असेल का? हुड-फिल्टर काही नव्हतं.

जुना_निगेटिव्ह
सईताई, लेन्स निर्दोष आहे. लेन्सची किंवा फिल्टरची सावली फोटोवर जागच्या जागी असते, क्रॉपबरोबर ती चालत येऊ शकत नाही. तुम्ही फोटोला एखादा प्रीसेट लावलाय का?

सई_गारगोटी
हो, ऑनलाइन मिळालेला लग्नाचा प्रीसेट आहे. सगळ्यांना एकदम लावला.

जुना_निगेटिव्ह
मग Effects पॅनलमध्ये जा आणि `Post-Crop Vignetting` खालचा `Amount` बघा. उणे काहीतरी असेल, त्याला शून्य करा. नावातच आहे, क्रॉप झाल्यानंतर जी चौकट उरते तिच्या कडांना हा अंधार नव्याने लागतो. म्हणून तुम्ही किती कापलं तरी तो नव्या कोपऱ्यात हजर.

सई_गारगोटी
उणे २८ होतं!! शून्य केलं, सगळे कोपरे लख्ख. आणि मी उगाच चांगले फोटो कापत बसले होते. क्रॉप रीसेट करते आता सगळ्यांचा.

पिक्सेलराव
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ओळखायची खूण चांगली मिळाली, खूप आत क्रॉप करून बघायचं, सावली मागे आली तर ती एडिटमधली.

पण सईताईंना स्टुडिओने जेपीजी करून दिले असते तर? मग ती सावली फोटोत भाजली गेली असती, ती क्रॉपने जाईल ना?

जुना_निगेटिव्ह
बरोबर. तेव्हा ती जागची होते, क्रॉपने जाते. आणि ती मऊ असते, खालचं चित्र शिल्लक असतं, त्यामुळे तिथे तुमचा उजळायचा उपाय चालतो. तो उपाय वाईट नाही पिक्सेलराव, फक्त फिल्टरच्या कडीवर चालत नाही.

टिकटिक
मी अजून माझ्या मतावर आहे. ६२५ पिक्सेल आकाश कापणं म्हणजे फोटोची उंची जवळजवळ सहाव्या हिश्शाने कमी केली. रंकाळ्याच्या संध्याकाळचं मोकळं आकाशच गेलं त्यात. मी एखादा कोपरा भरून बघितला असता, आणि लहान प्रिंट काढून पारखला असता. चार बाय सहाची प्रिंट स्वस्तात येते.

जुना_निगेटिव्ह
चार बाय सहावर दोष दिसत नाही टिकटिक, तेच तर. पूर्ण आकारात कोपऱ्याचा तुकडा छापून बघितलात तर मान्य. तुमच्या म्हणण्यातलं एक मात्र खरं, आकाश मोकळं होतं. ते गेलं.

सावली
मधला मार्ग आहे. वरून ६२५ ऐवजी ३५०-४०० कापा. तिकोन्याचं मोठं तोंड जातं, उरतो बारीकसा धुरकट तुकडा. तेवढाच ब्रशने भरा. भरायचं क्षेत्र लहान असेल तर रंग चुकायला वाव कमी.

टिकटिक
हे पटतं. मी तरी हेच करेन.

जुना_निगेटिव्ह
मी तरीही पूर्ण कापेन. कापलेलं खोटं कधी वाटत नाही. ज्याने त्याने ठरवावं.

मेघा_रंकाळा
मंडळी, अपडेट. घरात दोन्ही प्रकार दाखवले. आईला सावलीताईंचा प्रकार आवडला, आजोबांनी पूर्ण कापलेला निवडला, म्हणाले, "आकाश रोजच दिसतंय, माणसं जवळ दिसू देत." पांढऱ्या पट्टीसकट प्रिंट आली, लॅबने काही कापलं नाही. काकूंनी पदर तपासून घेतला.

एकच राहिलं. फ्रेम भिंतीवर लावल्यावर खालचा उजवा कोपरा किंचित जास्त काळा वाटतो. तिथे दगडावर पाणी सांडलेलं होतं, ते चमकत होतं, आणि सावलीने ती चमक मध्येच तुटते. इतरांना दाखवल्याशिवाय दिसत नाही, पण मला आता दिसायला लागलंय.

जुना_निगेटिव्ह
ओला दगड माझ्या हिशेबात नव्हता. चमक असेल तिथे सावली लपत नाही. त्या एका कोपऱ्यापुरतं टिकटिक यांचं ऐका. दगड खडबडीत असतो, त्याचा तुकडा दगडावरच भरला तर जोड लपतो. आकाशात जे साधत नाही ते दगडात साधतं.

टिकटिक
:) कोरडा दगड उचलू नका, शेजारचा ओलाच उचला. नाहीतर चमक तुटलेलीच राहील.

मेघा_रंकाळा
करून बघते. आणि त्याच दिवशी भावाने आजी-आजोबांचे काही उभे फोटो काढलेत, त्याच लेन्सने, तेच दोन फिल्टर लावून. त्यांनाही वरून ६२५ कापू का?

कमांडवाला
नाही! उभ्या फोटोत आकडे अदलाबदल होतात. कॅमेरा आडवा असताना जी कड वर होती ती आता बाजूला आली. तुमची सावली आता वरच्या कडेने ६२५ आणि बाजूच्या कडेने खाली फक्त ३७५. म्हणजे वरून ३७५ कापले की पुरे, आणि ते ६००० उंचीतून. आकाश फारसं जातही नाही.

एक सांभाळा, कॅमेऱ्यातली काही फाइल आत आडवीच साठवलेली असते आणि फक्त "उभी दाखवा" अशी खूण तिच्यावर असते. सरळ कमांड दिली तर डोक्याकडून कापायचं ते बाजूने कापलं जाईल. म्हणून आधी `-auto-orient` लावा:

```
magick ubha.jpg -auto-orient -crop 4000x5625+0+375 +repage -quality 95 ubha-krop.jpg
```

सगळ्यांवर एकदम चालवण्याआधी एकावर चालवून चारही कोपरे १०० टक्क्यांवर बघा. झूम १८ वरून जरा जरी हलला असेल तर सावली लहान असेल, मग ३७५ सुद्धा कापायची गरज नाही.

मेघा_रंकाळा
दोन फोटो २४ वर आहेत असं फाइलमध्ये दिसतंय. त्यांच्या कोपऱ्यांत काहीच नाही. ते तसेच ठेवते, बाकीचे मोजून कापते.